पोटावरच्या चिरा, साडेचारशेची बाटली आणि घरचं करडईचं तेल

«पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. आईच्या आणि मोठ्या बहिणीच्या पोटावर लई चिरा आहेत. नणंदेनं एक बॉडी ऑइल आणि एक कोलाजेनवालं क्रीम आणून दिलं. तेलाची शंभर मिलीची बाटली साडेचारशेची आहे, त्यावर 'स्ट्रेच मार्क्स रोखते, व्हिटॅमिन ए आणि ई युक्त' असं लिहिलंय. महिन्यापासून लावतेय. सासूबाई म्हणतात, घरचं करडईचं तेल लाव, तेच चांगलं. खरं काय समजावं?»

ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. परभणीत माझी वीस वर्षांहून जास्त प्रॅक्टिस झाली, आणि जवळजवळ दर आठवड्याला पर्समधून अशी एखादी बाटली माझ्या टेबलावर येते. तुमच्या सासूबाई आणि नणंद दोघी आपापल्या परीनं तुमची काळजीच घेतायत. दोघींच्या तेलांत फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. तो का कमी आहे हे एकदा समजलं, की पुढची कुठलीही बाटली तुमची तुम्हाला पारखता येईल.

आधी चीर कुठे पडते ते बघू. आपल्या कातडीचा वरचा थर कागदाच्या जाडीएवढा, मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. त्याखाली जाड थर असतो. त्यात कोलाजेन आणि इलॅस्टिनच्या तंतूंचं विणकाम असतं, आणि कातडीचा ताण हा थर पेलतो. पोट भराभर वाढतं, त्याच वेळी गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे हे तंतूही बदलतात, आणि विणकाम आतून उसवतं. वरचा थर शाबूत असतो, पण पातळ होतो, आणि त्यातून खालची उसवण दिसते. नवी असताना ती लालसर, जांभळट दिसते, आपल्या सावळ्या रंगावर कधी तपकिरीसुद्धा. वर्ष-दोन वर्षांत तिचा रंग उतरत जातो आणि ती पांढरट, किंचित खोलगट होऊन राहते.

चिरा कुणाला पडणार, यात घराण्याचा वाटा मोठा असतो. आईला आणि बहिणीला असतील तर तुम्हाला पडण्याची शक्यता जास्त. कमी वयातलं पहिलं बाळंतपण, आईचं वजन जास्त असणं किंवा गरोदरपणात ते फार वाढणं, बाळ वजनदार असणं, यांनीही शक्यता वाढते. यातली एकही गोष्ट बाटलीत मावत नाही. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पुढे पोटावर चिरा आल्या तर 'तेल लावायला उशीर केला' किंवा 'स्वस्तातलं लावलं' असा दोष स्वतःला देऊ नका, म्हणून सांगते. तो दोष मनाला लावून घेतलेल्या कितीतरी मुली माझ्यासमोर बसून रडल्या आहेत.

आता तुमच्या कोलाजेनच्या क्रीमविषयी. कातडी ही चाळणीसारखी आहे. धड असलेल्या कातडीतून साधारण पाचशे डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा आत उतरत नाही. डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप. कोलाजेनच्या रेणूचं वजन भरतं तीन लाखांच्या आसपास. चाळणीतून पीठ उतरतं, कणीस उतरत नाही. क्रीममधलं कोलाजेन वरच बसतं, पाणी धरून ठेवतं, कातडी मऊ लागते. आतल्या उसवलेल्या तंतूंपर्यंत ते पोचत नाही. त्याचे तुकडे करून लहान केलेले असले, तरी ते तुकडे आत जाऊन पुन्हा तिथलं विणकाम विणत नाहीत. त्या क्रीमचा उपयोग ओलावा टिकवण्यापुरता आहे, त्यामुळे त्याची किंमतही तेवढीच धरा.

तेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती एका पेशंटच्या बाटलीवरून सांगते, कारण तिची हकिगत तुमच्यासारखीच होती. चोवीस वर्षांची मुलगी, गंगाखेडकडची, पाचवा महिना, पहिलं बाळ. शंभर मिलीची बाटली, साडेचारशेचीच. पुढच्या बाजूला केशर, लव्हेंडर आणि व्हिटॅमिनच्या थेंबांची चित्रं. मी बाटली उलटी केली आणि मागचा बारीक छापा तिलाच मोठ्यानं वाचायला लावला.

घटकांची यादी उतरत्या क्रमानं असते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. तिच्या बाटलीवर पहिलं नाव होतं लिक्विड पॅराफिन. हे खनिज तेल. ते वाईट नाही, उलट कातडीतलं पाणी उडून जाऊ न देण्यात ते फार चांगलं आहे, आणि औषधाच्या दुकानात सुटंही स्वस्तात मिळतं. दुसरं नाव होतं कार्थामस टिंक्टोरियस सीड ऑइल. ती अडखळत वाचत होती. मी म्हटलं, 'अगं, ही आपली करडई.' परभणीच्या कृषी विद्यापीठानं जिचे वाण काढले, जी ज्वारीच्या शेजारी आपल्या काळ्या रानात रब्बीला उभी असते, तीच ही करडई. तिच्या सासरी दोन एकरांत होती. पुढे तेल पातळ करणारे एक-दोन घटक होते, मग 'परफ्यूम' हा शब्द, आणि त्याच्यानंतर व्हिटॅमिन ए, व्हिटॅमिन ई, लव्हेंडर, रोजमेरी.

'परफ्यूम' या शब्दावर मी नेहमी बोट ठेवायला सांगते. सुगंध बहुतेक वेळा एक टक्का किंवा त्याहून कमी घातलेला असतो. एक टक्क्याच्या खालचे घटक कंपनीला हव्या त्या क्रमानं लिहिता येतात. त्यामुळे सुगंधाच्या पुढे जे काही लिहिलेलं असतं, ते बहुधा चिमूटभरच असतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला ज्यांची चित्रं, ती मागच्या यादीत सगळ्यात शेवटी. हा आडाखा आहे, कायदा नव्हे. काही घटक अगदी थोडे असूनही काम करतात. पण अशा घटकाचं प्रमाण किती आहे ते कंपनीनं छापलेलं नसेल, तर त्याच्या नावावर जास्तीचे पैसे देऊ नयेत.

मग हे तेल लावून चिरा थांबतात का? इथे 'कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न विचारायला शिका. समजा शंभर गरोदर बायकांनी एक तेल लावलं आणि त्यातल्या पन्नास जणींना चिरा आल्या नाहीत. त्या पन्नास जणी मनापासून सांगतील की तेलानं काम केलं. त्यांचं बोलणं खोटं नाही. पण तेल न लावताही त्यांतल्या कितीजणी सुटल्या असत्या, हे त्यांना स्वतःला कळूच शकत नाही. त्यासाठी दुसऱ्या शंभर जणींना दिसायला अगदी तसंच, पण तो खास घटक नसलेलं काहीतरी द्यावं लागतं आणि दोन्ही गट शेजारी ठेवून मोजावं लागतं.

असं मोजलं गेलं आहे. कोको बटर घ्या, कारण अर्ध्या क्रीमवर त्याचं नाव असतं. २००८ मध्ये लेबनॉनमध्ये पहिलटकरणींचे दोन गट करून एका गटाला कोको बटरचं लोशन आणि दुसऱ्याला तसंच साधं लोशन दिलं होतं. कोको बटर लावणाऱ्यांत शंभरातल्या सुमारे ४५ जणींना चिरा आल्या, साधं लोशन लावणाऱ्यांत सुमारे ४९ जणींना. एवढा फरक योगायोगानंही पडतो. दोन वर्षांनी जमैकात ३०० बायकांवर असाच अभ्यास झाला, तिथेही भरवशाचा फरक दिसला नाही. २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेनं असे सहा अभ्यास, म्हणजे मिळून ८०० बायका, एकत्र तपासले. लावायचं कुठलंही औषध, तेल किंवा क्रीम गरोदरपणातल्या चिरा रोखतं, याला दमदार पुरावा त्यांना मिळाला नाही.

एका अभ्यासाकडे मात्र माझं लक्ष जातं. २०१२ मध्येच तुर्कस्तानात पहिलटकरणींचे तीन गट केले होते. एका गटानं कडू बदामाचं तेल पंधरा मिनिटं मसाज करून लावलं, दुसऱ्यानं तेच तेल नुसतं लावलं, तिसऱ्यानं काहीच नाही. मसाज करणाऱ्यांत शंभरातल्या साधारण २० जणींना चिरा आल्या. नुसतं तेल लावणाऱ्यांत ३९ आणि काहीच न लावणाऱ्यांत ४१. नुसतं तेल आणि काहीच नाही, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. काही गुण असलाच तर तो हाताचा दिसतो, तेलाचा नाही. हा अभ्यास लहान होता आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून मी त्यावरून कुणाला वचन देत नाही. पण हलक्या हातानं पंधरा मिनिटं तेल जिरवायला पैसे पडत नाहीत. जोर मात्र अजिबात लावायचा नाही, पोट दाबायचं नाही, आणि दुखलं किंवा पोट कडक झालं तर लगेच थांबायचं.

तुमच्या बाटलीवर मंडूकपर्णीचं नाव असेल तर त्याबद्दलही दोन शब्द. काही जण तिलाच ब्राह्मी म्हणतात, लेबलवर सेंटेला एशियाटिका असं लिहितात. तिचा अर्क असलेल्या एका क्रीमचा अभ्यास १९९१ मध्ये झाला होता. शंभर बायकांनी सुरुवात केली, ऐंशी जणी शेवटपर्यंत टिकल्या, आणि क्रीम लावणाऱ्यांत चिरा कमी दिसल्या. पण त्या क्रीममध्ये व्हिटॅमिन ई आणि आणखीही घटक होते, त्यामुळे गुण कुणाचा हे सांगता येत नाही. फायदाही मुख्यतः त्याच बायकांत दिसला, ज्यांना वयात येतानाच चिरा पडल्या होत्या. बाजारातल्या क्रीममध्ये तेवढा अर्क असतो का, हे लेबलवरून कळत नाही. म्हणून मी याला 'शक्य आहे' म्हणते, 'सिद्ध आहे' म्हणत नाही.

त्या गंगाखेडच्या मुलीला बाटली टाकवत नव्हती, बहिणीनं प्रेमानं दिली होती. मी म्हटलं, टाकू नकोस, मोजू या. उजव्या बाजूला बाटलीतलं, डाव्या बाजूला घरचं गाळलेलं करडईचं तेल. दोन्हीकडे सारखंच, दिवसातून दोनदा. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, सकाळी त्याच वेळेला, फ्लॅश न वापरता फोटो. फोटोचा नियम महत्त्वाचा आहे. चीर खोलगट असते, त्यामुळे बाजूनं उजेड आला की ती उठून दिसते आणि समोरून आला की जवळजवळ दिसत नाही. जाहिरातीतल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंत उजेड एकच आहे का, ते बघायची सवय लावा.

आठव्या महिन्यात ती आली तेव्हा दोन्ही बाजूंना चिरा होत्या. मी आणि माझ्या सिस्टरनं, कुठली बाजू कुठल्या तेलाची हे न सांगता, तिच्या नणंदेला फोटो दाखवले. तिला फरक सांगता आला नाही. खाज मात्र दोन्हीकडे कमी होती आणि कातडी मऊ होती. एका पोटावरून नियम ठरत नाही, तो वरच्या अभ्यासांवरूनच ठरवायचा. पण तिला तिच्या पैशांपुरतं उत्तर मिळालं.

पैशांचा हिशोबही बघा. पोट, कंबर, मांड्या आणि छाती धरून एका वेळेला साधारण चमचाभर, म्हणजे पाच मिली तेल लागतं. दोन वेळा म्हणजे दहा मिली, महिन्याला तीनशे मिली. तुमच्या शंभर मिलीच्या तीन बाटल्या, साडेतेराशे रुपये. बाळंतपणापर्यंत चार महिने धरले तर पाच हजारांच्या वर जातात. एवढा खर्च झेपत नाही म्हणून बहुतेक मुली चार-चार थेंब लावतात, आणि मग ओलावा टिकवण्याचा जो खरा उपयोग आहे तोही मिळत नाही. करडईचं, तिळाचं किंवा खोबऱ्याचं घरचं तेल सढळ हातानं लावता येतं. माझ्या मते त्याचा मोठा फायदा हाच आहे. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, ते कातडीला मानवतं. पण तेल ताजं हवं. खवट वास आला की अंगाला लावायचं नाही.

लावायची वेळ अंघोळीनंतरची. अंग टिपून घ्यायचं, कातडी थोडी ओलसर असतानाच तेल लावायचं, म्हणजे ते पाणी आत अडकतं. थंडीत आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की तेल हवंच. पण चैत्र-वैशाखात, पारा चाळीसच्या पुढे गेला की दिवसा जाड तेल लावून काम करू नका. घामोळं येतं, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, आणि मग तेल लावूनच चिरा खाजतायत असं वाटतं. त्या दिवसांत रात्री लावा, किंवा बिनवासाचं साधं लोशन वापरा.

खाजेचा विषय थोडा सविस्तर सांगते, कारण धोका तिथे आहे. 'खाजवलं की चिरा पडतात' असं घरोघरी सांगतात. तसं नसतं. कातडी ताणते आणि कोरडी पडते म्हणून खाज सुटते, आणि त्याच ताणानं चिराही पडतात. खाजवल्यानं ओरखडे आणि काळे डाग पडतील, पण आतलं विणकाम खाजवल्यानं उसवत नाही. खाज कमी करण्यात साधं तेल आणि लोशन खरोखर कामाला येतात, आणि त्यासाठी ते जरूर लावा.

पण खाज थांबावी म्हणून घरातलं गजकर्णाचं मलम पोटाला लावू नका. या मलमांत बऱ्याचदा क्लोबेटासॉल, बीटामेथासोन अशी स्टेरॉइड्स असतात. दोन दिवसांत खाज गायब होते, म्हणून ती फार गुणकारी वाटतात. तीच पुढे कातडी पातळ करतात आणि स्वतःच चिरा पाडतात. जांघेत गजकर्ण झालं म्हणून दुकानातून असं मलम आणून महिनोन्महिने लावलेली कॉलेजची मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्या जांघेत बोटभर रुंद जांभळ्या चिरा असतात, आणि त्या जात नाहीत. चिरांवरचं क्रीम बहुतेक वेळा निरुपयोगी असतं एवढंच, हे मलम मात्र अपाय करतं. ट्यूबवर ही नावं दिसली तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

आता व्हिटॅमिन ए. त्याच्या घराण्यातलं एक औषध आहे, ट्रेटिनॉइन. नव्या, अजून रंग असलेल्या चिरांवर त्याचा मोजता येण्यासारखा गुण दिसलेला आहे. १९९६ च्या एका लहान अभ्यासात ०.१ टक्क्याचं क्रीम सहा महिने लावल्यावर चिरांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. म्हणजे ज्याला औषध म्हणतो त्याचाही गुण एवढाच, चिरा पुसल्या गेल्या नाहीत. शिवाय ते गरोदरपणात वापरायचं नाही. तुमच्या बाटलीतलं व्हिटॅमिन ए बहुधा रेटिनिल पामिटेट या रूपात असेल, ते त्या घराण्यातलं फार सौम्य भावंड आहे, आणि यादीच्या शेवटी असेल तर अगदी थोडं. महिनाभर कातडीला लावलं म्हणून बाळाची धास्ती घेऊ नका. पण ज्याचा फायदा सिद्ध नाही, त्यासाठी गरोदरपणात व्हिटॅमिन ए लावत राहण्यात अर्थ नाही, म्हणून ती बाटली आता बंद करा. कोलाजेनच्या क्रीमच्या यादीतही रेटिनॉल किंवा रेटिनिल असं काही आहे का ते वाचा. नसेल तर ते संपेपर्यंत लावायला हरकत नाही, साधं मॉइश्चरायझर समजून. सुवासिक तेल किंवा क्रीम नवं आणलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा, लव्हेंडर आणि परफ्यूमची अॅलर्जी होते.

बाळंतपणानंतर चिरा लाल-जांभळ्या असतानाच एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, पांढऱ्या पडायची वाट बघू नका. अंगावर पाजत असाल तर ट्रेटिनॉइन कधी सुरू करायचं हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा. पांढऱ्या झालेल्या चिरांना क्रीमचा उपयोग होत नाही. लेझर किंवा सुयांच्या उपचारानं थोडं सुधारतं, पण आपल्या रंगावर काळे डाग पडायची शक्यता असते, म्हणून हे ब्यूटी पार्लरमध्ये करून घेऊ नका. आणि बाळंतपणानंतर जी बाटली सुरू कराल तिला श्रेय देताना सांभाळा. चिरांचा रंग त्या महिन्यांत आपोआपच उतरत असतो.

शेवटची गोष्ट तेलाची नाही, पण तुमच्या महिन्यांत ती माहीत असायलाच हवी. पोटावर पुरळ नसताना तळहात आणि तळपाय खाजायला लागले, रात्री खाज वाढून झोप लागेना, तर कुठलंही तेल लावून बघत बसू नका. गरोदरपणात पित्ताचा प्रवाह मंदावला की अशी खाज सुटते, साधारण सातव्या महिन्यानंतर, आणि त्याचा बाळाला धोका असू शकतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि रक्तातली पित्ताम्लं आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. याउलट शेवटच्या महिन्यांत चिरांच्या आतच लाल, खाजरे फोड उठले आणि बेंबीभोवतीची जागा मोकळी राहिली, तर ते वेगळं दुखणं असतं. ते त्रास देतं, पण बाळाला अपाय करत नाही आणि औषधानं आटोक्यात येतं. तेही दाखवूनच घ्या, कारण नुसत्या फोटोवरून दोन्हींतला फरक मलाही खात्रीनं सांगता येत नाही.